शब्दचर्चा: कार्बोकॅटायन ‘स्थिर’ असतो म्हणजे काय? आणि त्यावरून प्रतिष्ठापन की विलोपन हे ठरतं का?

मीनल
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. कार्बोकॅटायन म्हणजे ज्याच्या कार्बनवर धनभार आहे असा आयन; त्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असले तर तो तृतीयक, दोन असले तर द्वितीयक. ‘तृतीयक कार्बोकॅटायन सर्वांत स्थिर असतो’ हे वाक्य वाचून मुलांना वाटतं की तो बाटलीत भरून ठेवता येत असेल. ‘स्थिर’ऐवजी ‘टिकाऊ’ चालेल का? दुसरं, उदाहरणाला २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेन घेतलाय, म्हणजे (CH3)2CH–CHBr–CH3. याचं प्रतिष्ठापन होईल, म्हणजे ब्रोमीनच्या जागी दुसरा गट बसेल, की विलोपन, म्हणजे ब्रोमीन आणि हायड्रोजन निघून दुहेरी बंध होईल, हे स्थिरतेवरून कसं समजवायचं?

शशांक
‘स्थिर’च ठेवा. धनभारित कार्बनला जितके अल्किल गट जास्त, तितका त्याला इलेक्ट्रॉनांचा आधार जास्त. नियम सोपा आहे: प्राथमिक असेल तर प्रतिष्ठापन, तृतीयक असेल तर विलोपन आणि द्वितीयक असेल तर दोन्ही निम्मं निम्मं. तुमचा ब्रोमाइड द्वितीयक आहे, त्यामुळे निम्मं निम्मं.

गोदातीर
शशांक, अल्किल गटांच्या आधाराचं बरोबर आहे. नियम मात्र मला पटत नाही.

आधी शब्द. ‘टिकाऊ’ नको. टिकणं हे आजूबाजूला कोण आहे यावर अवलंबून असतं. पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात तृतीयक कार्बोकॅटायन तयार होताच द्रावकाचा रेणू त्याला गाठतो. तोच तृतीयक-ब्युटिल कॅटायन जॉर्ज ओला यांनी अँटिमनी पेंटाफ्लोराइडच्या महाआम्लात एनएमआरवर नीट पाहिला, कारण तिथे त्याला पकडायला आम्लारीच नव्हती. (या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९९४ चं नोबेल मिळालं.) म्हणून ‘स्थिर’ हे विशेषण एकटं लिहूच नये, कोणापेक्षा स्थिर ते लिहावं. वायुरूपात हायड्राइड जोडला गेला की मिथिल कॅटायनमधून मोलमागे सुमारे ३१० किलोकॅलरी बाहेर पडतात, तृतीयक-ब्युटिलमधून सुमारे २३०. ज्याची ऊर्जा कमी बाहेर पडते तो मुळातच कमी ऊर्जेचा. टिपणात ‘तुलनेने कमी ऊर्जेचा, म्हणून सहज तयार होणारा’ असं लिहा.

आता नियम. तृतीयक-ब्युटिल क्लोराइड ८० टक्के इथेनॉलमध्ये २५ अंशांवर ठेवला तर विलोपनातलं अल्कीन निघतं सुमारे १७ टक्के, बाकी सगळं प्रतिष्ठापन. ६५ अंशांवर अल्कीन ३६ टक्क्यांपर्यंत जातं. कॅटायन तोच, प्रमाण मात्र दुप्पट. मग निवाडा स्थिरतेने केला असं कसं म्हणायचं? हॅलाइड आयन स्वतःहून सुटेल का, एवढंच स्थिरता सांगते. पुढचं आम्लारी आणि उष्णता ठरवतात.

अनुस्वार
मी व्याकरणाचा माणूस, रसायनातलं कळत नाही. पण ‘विलोपन’ हा लोपच ना? ‘अदर्शनं लोपः’. मग इथे नक्की कोणता वर्ण लोपतो?

गोदातीर
वर्ण नाही, शेजारशेजारच्या दोन कार्बनांवरचे हायड्रोजन आणि ब्रोमीन जातात. पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. तुमच्याकडे वर्ण वाढला की आगम, बदलला की आदेश आणि गेला की लोप, आमच्याकडे समावेशन, प्रतिष्ठापन आणि विलोपन. ‘शत्रुवदादेशः’, म्हणजे आदेश शत्रूसारखा येतो, ही उपमा तर एसएन-२ ला, म्हणजे एका टप्प्यात होणाऱ्या प्रतिष्ठापनाला, चपखल बसते: येणारा मागून घुसतो आणि आधीच्याला हुसकावून लावतो. फरक एवढाच की लोपानंतर मागे काही उरत नाही, विलोपनानंतर दुहेरी बंध उरतो.

मीनल, तुमच्या ब्रोमाइडकडे येतो. पहिला प्रश्न: आम्लारी तीव्र आहे का? सोडियम इथॉक्साइड इथेनॉलमध्ये घालून तापवलं तर कॅटायन बनेपर्यंत कोणी थांबत नाही. आम्लारी हायड्रोजन ओढते आणि त्याच क्षणी ब्रोमाइड निघतो, म्हणजे ई-२. तिसऱ्या कार्बनचा हायड्रोजन गेला तर २-मिथिल-२-ब्युटीन, पहिल्याचा गेला तर ३-मिथिल-१-ब्युटीन. पहिलं जास्त मिळतं. आम्लारी पोटॅशियम तृतीयक-ब्युटॉक्साइडसारखी अवजड घेतली तर दुसऱ्याचं प्रमाण वाढतं, कारण तिला कडेचा हायड्रोजन गाठायला सोपा.

तीव्र आम्लारी नाही, नुसतं पाणी किंवा पाणी मिसळलेला द्रावक आहे, तर ब्रोमाइड हळूहळू सुटतो आणि दुसऱ्या कार्बनवर धनभार येतो. इथे स्थिरता खरी कामाला येते. शेजारच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन सरकतो आणि धनभार तृतीयक कार्बनवर जातो. म्हणून अल्कोहोल मिळतं ते २-मिथिल-२-ब्युटेनॉल. ब्रोमीन जिथे होतं तिथे हायड्रॉक्सिल गट जवळजवळ बसतच नाही. मुलं नेमकं इथे चुकतात आणि ३-मिथिल-२-ब्युटेनॉल लिहितात.

शशांक
मान्य, हायड्राइडचं सरकणं विसरलो होतो. पण इथॉक्साइडबरोबर तरी द्वितीयकाचं निम्मं निम्मं होईल ना?

गोदातीर
नाही. आयसोप्रोपिल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड, ५५ अंश: विलोपनाचं प्रोपीन सुमारे ७९ टक्के, प्रतिष्ठापनाचं ईथर २१. मीनलच्या ब्रोमाइडमध्ये तर शेजारी आणखी एक फांदी आहे, त्यामुळे मागून घुसायला जागा अजून कमी.

प्रयोगवही
२-मिथिल-२-ब्युटीन मिळालं म्हणून ई-२ झालं असं टिपणात लिहू नका. ते ई-२ ने आणि कॅटायन बनून, अशा दोन्ही वाटांनी मिळतं. खूण वेगळी आहे: २-मिथिल-१-ब्युटीन दिसलं तर धनभार तृतीयक कार्बनवर जाऊन आलाय, कारण या ब्रोमाइडपासून सरळ ई-२ ने ते बनूच शकत नाही.

प्रयोगात आणखी एक फसगत होते. २-मिथिल-२-ब्युटीनचा उत्कलनांक ३८ अंश, ३-मिथिल-१-ब्युटीनचा जेमतेम २०. कंडेन्सरमधून मे महिन्यातलं नळाचं पाणी फिरवलं तर अल्कीन वरून उडून जातं आणि मागे उरलेलं मोजून माणूस म्हणतो, ‘विलोपन फारसं झालं नाही.’ बर्फाचं पाणी फिरवा आणि वाफ बर्फात ठेवलेल्या ग्राहकपात्रात घ्या.

अल्कोहोल कोणतं हे क्रोमिक आम्लाच्या एका थेंबाने कळतं. नारिंगी रंग हिरवा झाला तर द्वितीयक, तसाच राहिला तर तृतीयक. पण द्रावकात इथेनॉल असेल तर त्यानेच रंग हिरवा होतो. म्हणून या चाचणीसाठी पाणी-ॲसिटोन वापरा आणि चाचणीआधी अल्कीन व ॲसिटोन उडवून टाका. हातमोजे हवेतच, हे क्रोमियम विषारी आहे.

मीनल
म्हणजे आम्लारी आधी आणि स्थिरता नंतर, या क्रमाने लिहिते. ‘स्थिर’च्या जागी ‘तुलनेने कमी ऊर्जेचा’. माझ्या जुन्या वहीत ‘कार्बोनियम आयन’ आहे, तो शब्द ठेवू का?

गोदातीर
बदला. १९७२ मध्ये ओलांनीच सुचवलं की ‘कार्बोनियम’ हे नाव CH5+ सारख्या पाच जणांशी जोडलेल्या कार्बनसाठी ठेवावं, तीन जोडांच्या आयनाला ‘कार्बेनियम’ म्हणावं आणि दोघांना मिळून ‘कार्बोकॅटायन’.

अनुस्वार
माझी एक हरकत राहिली. ‘प्रतिष्ठापन’ म्हटलं की गणपती बसवणं डोळ्यांपुढे येतं. त्यात आधीच्याला हटवणं कुठे आहे? ‘प्रतियोजन’ बरं.

शशांक
प्रतियोजनात तरी हटवणं कुठे ऐकू येतं? ‘आदेश’च घ्या मग.

मीनल
‘आदेश’ वाचून मुलांना हुकूम वाटेल. तूर्त ‘प्रतिष्ठापन’ ठेवते. गोदातीर, याच ब्रोमाइडला सोडियम ॲसिटेट दिलं तर?

गोदातीर
ॲसिटेट क्षीण आम्लारी, म्हणून आयसोप्रोपिल ब्रोमाइडचं प्रतिष्ठापन छान होतं. तुमच्या ब्रोमाइडला शेजारच्या फांदीची अडचण आहे, आणि जिथून हायड्रोजन निघेल तो कार्बनही तृतीयक आहे. दोन्ही गोष्टी विलोपनाकडे ओढतात. द्रावक आणि तापमान न देता हा प्रश्न परीक्षेत घालू नका.