मदत हवी आहे: अर्धवेळच्या करारावर सही करू की आधी अपंगत्व विम्याचा क्लेम टाकू?

सायली_ओळ

नमस्कार मंडळी. शुक्रवारपर्यंत एक निर्णय घ्यायचा आहे आणि घरात विमा-पेन्शनमधलं कळणारं कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

वय ४१. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान होऊन ६ वर्षं झाली. काम हिशेब तपासणीचं, आठवड्याला ४० तास. सकाळी माझी मी असते. दुपारी एक-दीडनंतर मात्र आकडे दोन-दोन दिसायला लागतात. ओळीखाली पट्टी धरून वाचते, तरी वरच्या ओळीतली रक्कम खालच्या नावापुढे उतरवली जाते. गेल्या महिन्यात अशी एक चूक शेजारच्या सहकाऱ्याने पकडली. तिने पकडली नसती तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

गेले ४ महिने अर्धा दिवस काम करून उरलेल्या अर्ध्या दिवसाची साठलेली रजा टाकते आहे. त्यामुळे पगार पूर्ण येतो. आता रजा संपत आली. एचआरने चांगल्या मनानेच सुचवलंय की १ तारखेपासून २० तासांचा नवा करार करू, पगार निम्मा.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात दीर्घकालीन अपंगत्व विमा आहे: पगाराच्या ६० टक्के, वेटिंग पिरियड ९० दिवस. आधी करारावर सही करून मग निवांत क्लेम टाकला तर चालेल का? सरकारी अपंगत्व पेन्शनसाठीही अर्ज करावा का?

---

नीलकंठ

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हे विमे पूर्ण अपंगत्वासाठी असतात. तुम्ही अर्धा दिवस जरी काम केलंत तरी कंपनी म्हणणार, "काम करताय ना, मग कसलं अपंगत्व?" माझ्या पॉलिसीत तसंच लिहिलंय. एक तर काम पूर्ण थांबवा, नाही तर सही करून मोकळ्या व्हा. मधला रस्ता नाही.

---

जुनी_फाईल

सायली, आधी एकच गोष्ट: शुक्रवारी सही करू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

मी १७ वर्षं विमा कंपनीत अपंगत्वाचे क्लेम तपासत होते. तुझ्यासारखी माणसं क्लेम फेटाळला जातो म्हणून कमी आणि क्लेमच्या आधी सोयीसाठी केलेल्या एखाद्या सहीमुळे जास्त हरलेली पाहिली आहेत.

कारण सांगते. पॉलिसी ६० टक्के देते ते "अपंगत्व सुरू होण्याआधीच्या पगारा"चे. तुझा आजचा पगार १०० धरू. आज क्लेम मान्य झाला आणि तू २० तास काम करत राहिलीस, तर कमाई ५०. म्हणजे निम्मी कमाई गेली, म्हणून ६० चे निम्मे, ३० विम्याकडून. हातात ८०. काही पॉलिसी पहिल्या वर्षी यापेक्षा उदार असतात. पूर्ण ६० देतात आणि विमा अधिक कमाई मिळून १०० च्या वर गेली तरच वरचं कापतात. मग तुझे ६० अधिक ५० म्हणजे ११० होतात, वरचे १० कापले जातात आणि हातात पूर्ण १०० येतात.

आता उलट बघ. शुक्रवारी सही केलीस. कागदावर तू स्वखुशीने अर्धवेळ झालीस, तुझा पगारच ५० झाला. त्यानंतर क्लेम टाकलास तर तपासणारा विचारेल, नुकसान कुठे आहे? पगार ५०, कमाई ५०. विम्याकडून शून्य. आणि दोन वर्षांनी, तसं न होवो, पण काम पूर्ण थांबवावं लागलं तर ५० चे ६० टक्के म्हणजे ३०. जिथे ६० मिळाले असते तिथे ३०, आणि तेही पुढची सगळी वर्षं.

अजून एक. ग्रुप पॉलिसीत सभासद राहायला आठवड्याला किमान किती तास काम हवं हे लिहिलेलं असतं. ३० तासांची अट खूप ठिकाणी असते. तशी अट तुमच्याकडे असेल तर २० तासांचा करार लागू झाला त्या दिवसापासून तू विम्याच्या बाहेर.

नीलकंठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. काही पॉलिसींत "आधी पूर्ण, मग अंशतः" अशी अट असते: वेटिंग पिरियडमध्ये एक तासही काम करायचं नाही, त्यानंतर अर्धवेळ चालतं. काहींत मात्र अंशतः अपंगत्वाचे दिवसही त्या ९० दिवसांत धरतात. सायलीची कुठली आहे हे पुस्तिकेतून कळणार नाही. पुस्तिका म्हणजे सारांश. एचआरकडे पूर्ण पॉलिसीची प्रत माग आणि "अंशतः अपंगत्व", "अपंगत्वापूर्वीचे उत्पन्न" आणि "पात्र कर्मचारी" या तीन व्याख्या शब्दशः इथे टाक.

---

आभा_का

माझ्या भावासाठी विचारायचं होतं. तो जन्मापासून अंध आहे, वय २९, थोडंफार शिकवण्या घेतो. कुठे नोकरी केलेली नाही. त्यालाही पगाराच्या ६० टक्के मिळतील का? कुठला फॉर्म भरायचा?

---

जुनी_फाईल

आभा, हा विमा नोकरी आणि हप्ता यांच्यावर उभा असतो, त्यामुळे भावाला इथून काही नाही. त्याच्यासाठी सरकारी भत्ता बघ, ज्याला आधीच्या हप्त्यांची अट नसते. तिथे उत्पन्न आणि बचत तपासतात, म्हणून शिकवण्यांचा हिशेब आधीपासून लिहून ठेवू दे. आणि घरच्यांनी त्याच्या नावावर मोठी रक्कम ठेवण्याआधी चौकशी करा. बचतीची मर्यादा ओलांडली म्हणून भत्ता बंद झालेला मी पाहिलाय. वेगळा धागा काढ, नाही तर दोन्ही प्रश्नांची सरमिसळ होईल.

---

वाटसरू_दूरचा

सरकारी पेन्शनबद्दल लिहितो. मी जर्मनीत राहतो, बायकोचं प्रकरण नुकतंच झालं. इथे पगार किती बुडाला हे बघत नाहीत, दिवसाला किती तास काम झेपतं ते बघतात. ३ तासांपेक्षा कमी झेपत असेल तर पूर्ण पेन्शन, ३ ते ६ तासांच्या मध्ये असेल तर निम्मी, ६ किंवा जास्त असेल तर काही नाही. आणि हे तास तुमच्या नेहमीच्या कामाचे नाहीत, बाजारातल्या कुठल्याही साध्या कामाचे. बायको म्हणत होती, "माझं काम मला जमत नाही." तपासणाऱ्याचा प्रश्न होता, "बसून करायचं दुसरं कुठलं जमेल?"

नेदरलँड्समध्ये कमाईची क्षमता किमान ३५ टक्के घटावी लागते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत अंशतः अपंगत्व हा प्रकारच नाही. तेव्हा विम्याने हो म्हटलं म्हणजे सरकारही हो म्हणेल असं धरून चालू नका. उलटही तेच.

---

जुनी_फाईल

वाटसरूंनी मोलाचं लिहिलंय. त्याला एक जोड. बहुतेक ग्रुप पॉलिसी सरकारी पेन्शन आपल्या रकमेतून वजा करतात. विमा ३० देत होता आणि पेन्शन २० मंजूर झाली, तर विमा १० वर येतो. हातात तेच ८०. तरी अर्ज करावा लागतो, कारण पॉलिसीत तशी सक्ती असते आणि अर्ज केला नाही तर कंपनी अंदाजाने पेन्शन धरून वजावट करू शकते.

खरी ठेच इथे लागते: पेन्शनचा निकाल उशिरा लागतो आणि मागची थकबाकी एकरकमी येते. समज, १० महिन्यांची आली, म्हणजे २०० एका दमात. लोकांना वाटतं, देव पावला. छत दुरुस्त होतं, कर्ज फिटतं. मग विम्याचं पत्र येतं की त्या १० महिन्यांत आम्ही जास्त दिलं, २०० परत करा. ती रक्कम आली की हात लावायचा नाही, वेगळ्या खात्यात ठेवायची.

---

सायली_ओळ

हात थरथरत वाचलं. उद्याच पॉलिसीची प्रत मागते. डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे: "रुग्णास एमएस असून तीव्र थकवा असतो. अर्धवेळ कामाचा सल्ला." हे पुरेल ना?

---

जुनी_फाईल

नाही पुरणार. माझ्या टेबलावर आलं असतं तर मीच परत पाठवलं असतं. निदान आणि "थकवा" एवढ्यावरून कुणाला किती काम झेपतं ते समजत नाही. पत्रात हे हवं: सलग किती वेळ वाचन झेपतं, किती वेळाने दुहेरी दिसायला लागतं, विश्रांती घेतल्यावर किती वेळाने नजर सावरते, महिन्यातले किती दिवस सकाळसुद्धा वाया जाते. आणि तारीख. अर्धा दिवस काम तू आजारामुळे आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू केलंस, हे त्या ४ महिन्यांपूर्वीच्या तारखेसह यायला हवं. त्या वेळच्या भेटीची नोंद डॉक्टरांच्या फाईलमध्ये असेलच, तिचा आधार घ्यायला सांग.

तू इथे पट्टीचं जे लिहिलंस ना, ते डॉक्टरांना कधी सांगितलंस का? बहुतेक लोक डॉक्टरांसमोर "बरी आहे" म्हणतात आणि तेच नोंदलं जातं. दोन आठवडे वही ठेव: किती वाजता बसलीस, किती वाजता आकडे फुटले, काय चुकलं. ती सहकारी तयार असेल तर त्या चुकीबद्दल तिच्याकडून चार ओळी लिहून घे.

कंपनीने तपासणीला बोलावलं आणि सकाळी दहाची वेळ दिली, तर दुपारपर्यंत चालणारी तपासणी माग. सकाळी दहाला तू सगळं नीट वाचशील आणि अहवालात तेवढंच येईल.

---

नीलकंठ

जुनी_फाईल, तुमचं वाचून रात्री माझी पॉलिसी काढली. माझ्यात खरंच "आधी पूर्ण, मग अंशतः" आहे. मी तेच सगळ्यांना लागू समजत होतो. सायलीताई, घाईत सल्ला दिला, माफ करा.

---

सायली_ओळ

अपडेट. एचआरमधल्या बाई समजून घेणाऱ्या निघाल्या. नवा करार बाजूला ठेवलाय. त्याऐवजी "वैद्यकीय कारणाने तात्पुरते कमी तास, मूळ पद व मूळ पगारश्रेणी कायम" असं पत्र देणार आहेत. क्लेमचा फॉर्म आला.

पॉलिसीतले शब्द: वेटिंग पिरियड "सलग ९० दिवस पूर्ण किंवा अंशतः अपंगत्व". अपंगत्वापूर्वीचं उत्पन्न "अपंगत्वाच्या तारखेच्या लगत आधीचा मूळ पगार". पात्र कर्मचारी "आठवड्यास किमान ३० तास".

पण अंशतः अपंगत्वाच्या व्याख्येत "कमाईत किमान २० टक्के घट" असंही आहे. माझा पगार रजेमुळे ४ महिने पूर्ण येत होता. मग ते दिवस ९० मध्ये धरतील का?

---

जुनी_फाईल

हाच वादाचा मुद्दा होईल. रजेचा पगार म्हणजे त्या वेळी केलेल्या कामाची कमाई नाही, असं मानणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात, न मानणाऱ्याही. तुझ्या पॉलिसीत "कमाई"ची व्याख्या वेगळी दिली असेल, ती शोध. फॉर्ममध्ये अपंगत्वाची तारीख ४ महिन्यांपूर्वीचीच लिही, म्हणजे शेवटचा पूर्ण ८ तासांचा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यांनी ती नाकारली तर ९० दिवस आजपासून मोजतील, म्हणजे तीन महिने उशीर. पण आधीच नंतरची तारीख लिहिलीस तर ते चार महिने तू स्वतःच सोडून दिलेस. आणि रजेच्या नोंदीत कारण काय लिहिलंय ते बघ, "आजारपण" की "वैयक्तिक"?

---

सायली_ओळ

बघितलं. पहिले दोन महिने "वैयक्तिक" लिहिलंय, मीच लिहिलं होतं. कुणाला कळू नये म्हणून. उद्या डॉक्टरांकडे जाते आहे, वही आणि पट्टी दोन्ही घेऊन.