पाळीआधी जबड्यावर येणारे पुरळ: क्रीम महिनाभर लावायची का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, वय 29, राहणार गंगापूर रोड. चार महिने कॅलेंडरवर खुणा केल्या. पाळी 28-29 दिवसांनी येते आणि 21व्या दिवसापासून कपाळ सोडून फक्त हनुवटी नि जबड्याच्या कडेला खोल, दुखऱ्या गाठी येतात. पाळी सुरू झाली की बसतात, डाग मागे ठेवून. सासूबाई म्हणतात, मिसळ बंद कर. केली, काही फरक नाही!

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की पाळीआधी इस्ट्रोजेन उतरतं, अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनचा प्रभाव तुलनेनं वाढतो. जबड्याकडच्या तेलग्रंथी त्याला जास्त दाद देतात, म्हणून तेल वाढून छिद्रं तिथेच तुंबतात. पाळी नियमित, चेहऱ्यावर जाड केस नाहीत, म्हणून पीसीओएसचा संशय त्यांना कमी वाटला.

अ‍ॅडापॅलिन 0.1 टक्के क्रीम रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या जबड्यावर लावायला दिलंय. मी मात्र गाठ दिसली की तेवढ्यावरच लावत होते. बाई म्हणाल्या, तुंबणं काही आठवडे आधीच सुरू होतं, म्हणून रोज लावा, फरकाला तीन महिने द्या.

आता दोन आठवड्यांत त्वचा सोलतेय. कुणी एक रात्र आड लावून टिकवलंय का? आणि गरोदरपणाचा विचार सुरू केल्यावर कुणी ही क्रीम बंद केली असेल, तर त्याऐवजी डॉक्टरांनी काय दिलं?