ढाक्याची मलमल: सूत तुटत का नसे?

> "टकळीवर इतकं बारीक सूत काढताना ते तुटत कसं नसेल?"

तुटायचंच, म्हणून टकळीचा भार सुतावर येऊ देत नसत. आपली शाळेतली टकळी धाग्याला लोंबकळते. ढाक्याची कातणारी बाई सुईसारखी लोखंडी चाती तिरकी धरून तिचं टोक शिंपल्याच्या खोलगट तुकड्यात टेकवायची. खाली वजनाला मातीची गोळी, तीही इवलीशी. धाग्यावर ताण पडायचा तो फक्त बोटांचा.

दुसरी गोष्ट हवेची. तिथल्या फुटी नावाच्या कापसाचा तंतू आखूड. कोरड्या हवेत तो पिळात नीट बसत नाही, सुटतो. म्हणून कताई पहाटे दव असेतो, नाहीतर दुपार कलल्यावर. हवा फारच कोरडी असेल तर उथळ भांड्यात पाणी ठेवून त्यावर सूत काढत.

त्याआधीची सफाई मला जास्त थक्क करते. सरकीला चिकटलेला कापूस बोआल माशाच्या जबड्याने विंचरत. त्याचे बारीक, दाट दात म्हणजे आयती फणी. कचरा आणि सैल तंतू तिथेच गळायचे. हे नीट झालं नाही तर सुतात गाठ येते, आणि पीळ गाठीजवळच्या बारीक भागात साठून सूत तिथेच तुटतं.

वेग मात्र विचारू नका. ढाक्यात डॉक्टर असलेल्या जेम्स टेलरने १९व्या शतकात नोंदवलंय, रोज सकाळी कातून महिन्याला जेमतेम अर्धा तोळा उत्तम सूत.