जुन्या उत्तराचा तक्ता घ्या, पण क्रम तपासा

> जीएसटीच्या गणितात सोडवलेल्या जुन्या प्रश्नांचाच तक्ता वापरला तर चालतं का?

तक्ता चालतो. आडव्या ओळींत आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी. रकाने देय कर, तीन प्रकारची क्रेडिट्स आणि शेवटी रोख. हा साचा मी अजून तसाच काढतो. गोची होते ती तक्ता भरण्याच्या क्रमात.

समजा देय कर आयजीएसटी १०,०००, सीजीएसटी १५,०००, एसजीएसटी १५,०००. क्रेडिट अनुक्रमे २२,०००, १४,००० आणि ५,०००.

आयजीएसटीचं क्रेडिट सगळ्यात आधी संपवायचं, हे फेब्रुवारी २०१९ पासून बंधनकारक आहे. १०,००० आयजीएसटीत गेले, १२,००० उरले. तेव्हाच्या काही उत्तरांत ही उरलेली रक्कम आधी सीजीएसटीवर टाकलेली दिसते. तसं केलंत तर सीजीएसटीचे फक्त ३,००० राहतात, त्याचं ११,००० क्रेडिट पडून राहतं आणि एसजीएसटीचे १०,००० रोख भरावे लागतात, कारण सीजीएसटीचं क्रेडिट तिकडे वळवता येत नाही.

मार्च २०१९ अखेर आलेल्या नियम ८८ए मुळे ही उरलेली रक्कम दोन्हींत हव्या त्या प्रमाणात वाटता येते. एसजीएसटीला १०,०००, सीजीएसटीला २,००० द्या. रोख शून्य, सीजीएसटीचं १,००० क्रेडिट पुढे.

म्हणून वाटणीआधी मी समासात एसजीएसटीची तूट लिहून ठेवतो: १५,००० वजा ५,०००. आणि तक्त्याखाली नियमाची एक ओळ टीप म्हणून. जुन्या उत्तरांत ती सापडणार नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता!