मदत हवी आहे: गिझरचा थर्मोस्टॅट कितीवर ठेवावा? घरात सासूबाई आणि लहान मूल (नाशिक)

रानमोगरा_नाशिक:
नमस्कार मंडळी. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ वरच्या मजल्यावर राहतो. बाथरूममध्ये 15 लिटरचा, 2000 वॅटचा स्टोरेज गिझर आहे. खालच्या बाजूला गोल बटण आहे, पण त्यावर अंश लिहिलेले नाहीत, फक्त एक जाड होत जाणारी पट्टी. ते सध्या मध्यावर आहे.

परवा सकाळी मी मुलाला शॉवरखाली उभं केलं होतं. पाणी छान कोमट होतं आणि अचानक कढत आलं. मी त्याला लगेच बाजूला ओढलं म्हणून खांदा नुसता लाल होण्यावर निभावलं. आमच्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, मधुमेहामुळे त्यांना पायाला चटका पटकन कळत नाही, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटते. बटण किती खाली आणू? आणि खाली आणलं तर बिल खरंच कमी होतं का? थंडीत इथलं टाकीचं पाणी सकाळी बर्फच असतं, त्यामुळे अगदीच कोमट पाणीही चालणार नाही.

पंचवटीकर:
ताई, सरळ कमीत कमी करून टाका. आम्ही 45 च्या आसपास ठेवतो. भाजतही नाही आणि वीजही निम्मी लागते. दुसरा विचारच करू नका.

तारेवरचा_माणूस:
पंचवटीकर, भाजण्याबद्दलचं तुमचं बरोबर आहे, विजेचं नाही. एका बादलीचा हिशोब करून बघू.

समजा टाकीतलं पाणी 20 अंशांवर आहे आणि आंघोळीला 40 अंशांचं 18 लिटर पाणी हवं. गिझर 60 ला असेल तर 9 लिटर गरम आणि 9 लिटर गार लागेल. गिझर 50 ला असेल तर 12 लिटर गरम आणि 6 लिटर गार. दोन्ही वेळा पाण्यात गेलेली उष्णता तितकीच, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी. बटण फिरवल्याने आंघोळीची वीज कमी होत नाही, फक्त गरम-गाराचं प्रमाण बदलतं.

वीज वाया जाते ती गिझर चालू ठेवून कोणी पाणी न वापरल्यावर. टाकी बाहेरच्या हवेपेक्षा जितकी गरम, तितकी ती उष्णता गमावते. खोली 25 अंशांची असेल तर 60 ऐवजी 50 ठेवल्याने ती गळती साधारण तीस टक्के घटते. पण आंघोळीआधी वीस मिनिटं चालू करून शेवटच्या माणसानंतर बंद केला तर ती गळती जवळपास उरतच नाही. थोडक्यात बिलासाठी स्विच आणि सुरक्षेसाठी बटण.

रानमोगरा, आधी पाणी मोजा. स्वयंपाकघरात वापरतात तो सुईचा थर्मामीटर घ्या, तापाचा नको, तो 42 च्या पुढे जात नाही. गिझरचा दिवा स्वतःहून विझला की फक्त गरम नळ सोडा, पाइपमधलं गार पाणी जाऊ द्या आणि स्टीलच्या ग्लासात धरून मोजा. मग सांगा.

स्मिता_के:
आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे. एप्रिलमध्ये पाणी इतकं कढत येतं की मगात हात घालवत नाही. थर्मोस्टॅट कुठे फिरवायचा असतो? गच्चीवरच्या टाकीला एक वायर आहे, तीच का?

तारेवरचा_माणूस:
स्मिताताई, ती वायर ढगाळ दिवसांसाठीच्या हीटरची. तिथला थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करतो, ऊन थोपवू शकत नाही. उन्हाने पाणी 70 च्या वर गेलं तरी तो काही करणार नाही. तुमच्या नळाशी मिसळणीचीच सोय लागेल. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

रानमोगरा_नाशिक:
मोजलं! बटण मध्यावर असताना 64 अंश. मला वाटलं होतं 50 असेल.

तारेवरचा_माणूस:
मध्यावर इतकं येणं अगदी शक्य आहे. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकते. 55 ला साधारण अर्धा मिनिट लागतो, 50 ला काही मिनिटं. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. तुमच्या घरात मी 50 च्या वर जाणार नाही. बटण थोडं उतरवा, टाकीतलं आधीचं गरम पाणी वापरून संपवा, पुन्हा तापवून दिवा विझल्यावर मोजा. आणि थोड्या थोड्या वेळाने मगभर पाणी काढत राहिलं तर टाकीच्या वरच्या भागातलं पाणी ठरवलेल्यापेक्षा गरम होतं, हेही लक्षात असू द्या.

50 ला एक अडचण आहे. 15 लिटरमध्ये एक बादली जेमतेम निघेल, दुसऱ्याला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल.

बटण झाकणाच्या आत असेल तर उघडण्याआधी एमसीबी पाडा. दिवा विझतच नसेल, आत खदखदल्यासारखा आवाज येत असेल किंवा नळातून वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅट चिकटला आहे. मग बटण फिरवून उपयोग नाही, वापर थांबवून तो बदलून घ्या.

आता एक प्रश्न. त्या सकाळी कोणी फ्लश केला होता का?

रानमोगरा_नाशिक:
हो! शेजारच्या टॉयलेटमध्ये यांनी केला होता. गिझरला टाकीवरून वेगळी लाइन आहे आणि गार पाण्याची वेगळी, असं यांचं म्हणणं.

तारेवरचा_माणूस:
मग कारण सापडलं. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच, त्यामुळे दाब कमी. फ्लशची टाकी भरायला लागली की गार लाइनचा दाब पडतो, गरम लाइनचा तसाच राहतो आणि शॉवरमध्ये गरम जास्त येतं. फ्लशच्या टाकीखालचा अँगल कॉक अर्धा बंद करा. टाकी हळू भरेल, गार लाइन ओढली जाणार नाही. मात्र टाकी नसलेला, थेट लाइनवरचा फ्लश व्हॉल्व्ह असेल तर हा उपाय लागू नाही.

वैद्यकीय_वाचक:
एक भर घालते. श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करणारे लिजिओनेला नावाचे जंतू साधारण 25 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, 60 ला मिनिटांत मरतात, 50 ला नुसते वाढत नाहीत. त्यामुळे 45 ला ठेवलेला गिझर मला पटत नाही. सासूबाईंना फुप्फुसाचा त्रास असेल तर टाकी 60 ला ठेवून बाहेर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हने 42 वर आणणं बरं.

तारेवरचा_माणूस:
मॅडम, तत्त्वतः मान्य. पण 15 लिटरचा गिझर रोज दोन-तीनदा रिकामा होतो, पाणी साचून राहतच नाही. शिवाय तो व्हॉल्व्ह त्यांच्याकडे चालेल का याची मला शंका आहे. टाकी तीन मीटर वर असेल तर दाब 0.3 बारच मिळतो आणि बऱ्याच व्हॉल्व्हना त्याहून जास्त लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून आतला भाग अडकतो, ते वेगळंच.

वैद्यकीय_वाचक:
दाबाचं तुम्हीच जास्त जाणता. पण घर आठवडाभर बंद राहिलं असेल तर परतल्यावर पहिल्यांदा तरी पाणी पूर्ण तापवून, खिडकी उघडून ते वाहू द्या. एवढ्यावर मी ठाम आहे.

रानमोगरा_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बटण उतरवल्यावर आज 51 आलं. कॉकही अर्धा केला, फ्लश करून बघितला, शॉवरच्या पाण्यात फरक जाणवला नाही. सासूबाईंना तूर्त बादलीच देते, आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर घालून बघितल्यावरच. त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून व्हॉल्व्हचा प्रश्न मी सोडलेला नाही. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह नाशिकमध्ये कोणी बसवून घेतला असेल तर कृपया अनुभव लिहा. पाणी आम्हाला महापालिकेचं येतं, उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात.