मदत हवी आहे: सॉल्ट लावलेल्या एसएचए-२५६ वर पासवर्ड साठवले आहेत; रचना तपासून द्याल का?

निशिगंध:
आमच्याकडे एका पतसंस्थेच्या सभासद पोर्टलची देखभाल आहे. सुमारे ४०,००० खाती आहेत, पीएचपी आणि मायएसक्यूएल आहे. पासवर्डची साठवण अशी होते:

```php
$salt = bin2hex(random_bytes(16));
$pw   = hash('sha256', $salt . $password);
```

प्रत्येक खात्याचा सॉल्ट वेगळा असून तो त्याच ओळीत साठवला जातो. लेखापरीक्षणासाठी आलेल्या तज्ज्ञांनी ही रचना नापास केली आणि बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ वापरण्यास सांगितले. एसएचए-२५६ आजवर कोणी मोडलेला नाही आणि सॉल्टही व्यवस्थित आहे, मग आक्षेप नेमका कशाला आहे? तो योग्य असेल, तर सगळ्या सभासदांना पासवर्ड बदलायला न लावता बदल करता येईल का? आमचे बरेच सभासद वयस्कर आहेत आणि शाखेतला फोन आधीच दिवसभर वाजत असतो.

माळरान:
सॉल्ट वेगळ्या सर्व्हरवर ठेवावा, म्हणजे प्रश्न मिटेल. टेबल चोरीला गेले तरी सॉल्टशिवाय त्याचा काही उपयोग होणार नाही.

जुना_खलाशी:
माळरान, गुप्त किल्ली डेटाबेसबाहेर ठेवण्याचा उपाय आहे आणि तो चांगलाही आहे, पण ती किल्ली म्हणजे सॉल्ट नव्हे. सॉल्ट उघड झाला असे गृहीत धरूनच रचना करायची असते.

निशिगंध, तुमचा सॉल्ट निर्दोष आहे. त्यामुळे आधीच तयार केलेले तक्ते निरुपयोगी ठरतात आणि चोराला प्रत्येक खात्यावर स्वतंत्रपणे बसावे लागते. मात्र त्या एका खात्यावर त्याला किती वेळ बसावे लागते, हे सॉल्ट ठरवत नाही. तुमच्या रचनेसाठी हॅशकॅटमध्ये तयार प्रकार आहे. घरच्या ग्राफिक्स कार्डावर चालवून पाहा:

```
hashcat -b -m 1420
```

बड्या गेमिंग कार्डावर सेकंदाला २० अब्जांच्या आसपास प्रयत्न होतात. आता आपल्या लोकांची सवय धरा, म्हणजे स्वतःचा किंवा घरातल्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी क्रमांक एकूण ४०० कोटी होतात, म्हणजे एका खात्याला ०.२ सेकंद. वेगवेगळ्या सॉल्टचा पुरेपूर मान राखूनही ४०,००० खाती सव्वादोन तासांत चाळून होतात. एसएचए-२५६ मोडण्याची गरजच पडत नाही, कारण तो वेगाने चालावा म्हणूनच बनवलेला आहे. बीक्रिप्टची किंमत १२ ठेवली, तर त्याच कार्डावर सेकंदाला जेमतेम दीड हजार प्रयत्न होतात आणि तेच ४०० कोटी क्रमांक एका खात्यासाठी तपासायला महिनाभर लागतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. पासवर्ड म्हणून सभासदाचा स्वतःचाच क्रमांक असेल आणि तो त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात असेल, तर कोणताही हॅश त्याला वाचवत नाही. तो पासवर्ड ठेवतानाच नाकारावा लागतो.

सह्यवारा:
हॅश हजार वेळा फिरवला तर चालणार नाही का?

जुना_खलाशी:
दिशा बरोबर आहे. पीबीकेडीएफ२ साधारण तेच करतो. पण एचएमएसी-एसएचए-२५६ सह वापरताना ओवॅस्प ६,००,००० फेऱ्या सांगते, हजार नव्हे. शिवाय स्वतः लिहिलेल्या लूपमधली चूक पुढे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

स्थलांतराला पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. साठवलेला जुना हॅश हाच पासवर्ड समजून त्यावर बीक्रिप्ट चढवा आणि जुना सॉल्ट ठेवा. लॉगिनच्या वेळी:

```php
$old = hash('sha256', $row['salt'] . $password);
$ok  = password_verify($old, $row['pw']);
```

`$ok` खरे आले की त्याच क्षणी मूळ पासवर्डवर थेट `password_hash` चालवून नवी नोंद करा आणि जुना सॉल्ट काढून टाका. कोणती ओळ कोणत्या टप्प्यावर आहे, हे सांगणारा एक रकाना लागेल. `hash` ला चुकूनही `true` देऊन कच्चे बाइट मागवू नका. त्यात शून्य बाइट आला, तर जुन्या पीएचपीमध्ये बीक्रिप्ट पुढचा भाग मुकाट्याने सोडून देतो. तुमचा ६४ अक्षरी हेक्स बीक्रिप्टच्या ७२ बाइटांत नीट बसतो.

कोरा_कागद:
माझा अनुभव सांगतो. आमचा रकाना एमडी५ च्या काळातला, ३२ अक्षरांचा होता. बीक्रिप्टचा निकाल ६० अक्षरांचा असतो, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असल्यामुळे मायएसक्यूएलने तो निमूटपणे छाटला. सकाळी एकालाही लॉगिन करता येईना, आणि आम्ही दुपारपर्यंत सेशनमध्ये चूक शोधत बसलो होतो. रकाना आधी २५५ करा.

निशिगंध:
सर्वांचे आभार. प्रतीवर २०० खाती बदलून पाहिली. किंमत १२ ठेवल्यावर आमच्या सर्व्हरला एका खात्याला पाव सेकंद लागला, म्हणजे सगळी खाती पावणेतीन तासांत होतील. मध्येच कोणी पासवर्ड बदलला तर तो पुसला जाऊ नये, म्हणून `UPDATE` मध्ये जुना हॅश अजून तोच असल्याची अट घातली आहे. एक शंका उरते: जुन्या बॅकअपमध्ये वेगवान हॅश तसेच राहतात, त्यांचे काय करावे?

जुना_खलाशी:
ते नष्ट करावेत, असे माझे मत आहे.

कोरा_कागद:
पतसंस्थेला व्यवहारांच्या नोंदी जपाव्या लागतात. सरसकट नष्ट करता येणार नाहीत. आम्ही त्या प्रती उघडून फक्त पासवर्डचा रकाना रिकामा केला होता, पण टेपवरच्या प्रतींचे अजूनही ठरलेले नाही.