पाळीव कुत्रा चावला तर मालकाची जबाबदारी

"कुत्रा पहिल्यांदाच चावलाय, मग मालकावर गुन्हा कसा?"

होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आधी कितीदा चावला हे विचारत नाही. प्राण्यापासून संभवणारा धोका टाळण्यापुरती काळजी मालकाने घेतली का, एवढंच पाहतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईत नेपियन सी रोडला 2010 मध्ये एका रॉटवायलरने वृद्ध गृहस्थांना चावे घेतले होते. कुत्रा गाडीत होता, दार उघडल्यावर तो बाहेर झेपावला. 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद झाली, तेव्हाच्या भादंवि 289 आणि 337 खाली. तेरा वर्षं लागली हे फार वाईट वाटतं.

म्हणून तक्रारीत नुसतं "कुत्रा चावला" लिहून थांबू नका. पट्टा होता का, कोणाच्या हातात होता, दार कोणी उघडलं, हे लिहा. निष्काळजीपणा त्यातूनच दिसतो. उपचारांचा खर्च मात्र या फौजदारी खटल्यातून आपोआप मिळत नाही, त्यासाठी दिवाणी दावा वेगळा करता येतो. पूर्वीचे चावे तिथे महत्त्वाचे ठरतात, कारण कुत्र्याचा स्वभाव मालकाला माहीत होता हे त्यातून दाखवता येतं. सोसायटीकडे आधी केलेल्या लेखी तक्रारीची पोच त्यासाठी जपून ठेवा.